दुपारचे दोन तास

शुक्रवारी आखातातल्या मुलांचे फोन येतात, रविवारी इंग्लंडातल्यांचे. आगबोटीवरची मुलं बोट बंदराला लागली की करतात, मग वार कुठलाही असो. प्रश्न सगळ्यांचा एकच. आईचं प्रेशर किती, बाबांची साखर किती, गोळ्या वेळेवर घेतात ना. आकडे सांगितले की पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू येतो. बरीच वर्षं मी तो श्वासच विकत होते, असं आता वाटतं.

हे काम सुरू करण्याआधी मी गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात होते. हजेरी आणि रजा माझ्याकडे. कामगार बहुतेक कोल्हापूर-बेळगावकडचे. रजेच्या कारणांत लग्न, पेरणी, बहिणीचं बाळंतपण हे सगळं एक वेळ खोटं असेल, पण 'आई न्हाणीत पडली' असं कोणी खोटं लिहीत नाही. चंदगडकडचा एक ऑपरेटर एकदा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, रजा देऊ नका एक वेळ. पण तिथं कोणतरी जाऊन तिला बघून यावं आणि मला खरं काय ते सांगावं. भाऊ म्हणतोय बरी हाय. पण आमचा भाऊ म्हणजे…"

त्यानं वाक्य तसंच सोडलं. कोणीतरी जाऊन बघून यावं आणि खरं सांगावं, हा धंदा होऊ शकतो असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ज्याच्यामुळे सुचलं त्याच्या आईपर्यंत मात्र आम्ही कधीच पोचलो नाही. महिन्याचे पैसे देऊ शकणारी मुलं गोव्याची होती. त्यांची आईबापं पेडण्यात नाहीतर डिचोलीत, आणि ती स्वतः विमानानं जावं लागेल इतकी लांब.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही. आमची माणसं मुंडकार. भाटकार म्हणजे जमीनमालक. त्याच्या जमिनीत त्याच्या परवानगीनं घर बांधायचं, त्याच्या माडांची राखण करायची, त्याच्या घरी कामाला जायचं, आणि जायचं ते मागच्या दारानं. आजी तशी गेली, आईही लहानपणी तिच्याबरोबर गेली. पुढे कायदा झाला, घराखालची जागा आमच्या नावावर झाली. भाषेवरून घराघरांत भांडणं झाली आणि निवळली, गोवा राज्य झालं. आईचं पाऊल मात्र भाटकाराच्या पुढच्या पायऱ्यांपाशी अजून अडखळतं.

म्हणून आमच्या सेवेचा पहिला नियम मी केला. आमची मुलगी पुढच्या दारानं आत जाईल. खुर्चीवर बसेल. घरातल्यांना काका-काकी म्हणेल, भाटकार-भाटकान्न नाही. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. कारण एकदा ती तिथं गेली की "बाय, तेवढो नाल्ल कांतून दी" सुरू होतं, आधी नारळ खवणं, मग भांडी, आणि नर्सिंग शिकलेली मुलगी आठवड्याभरात मोलकरीण होते. नियम चुकला असं मी आजही म्हणणार नाही.

सुरुवातीच्या दिवसांत पणजीला नव्या उद्योगांच्या कल्पनांची एक स्पर्धा होती. थंडगार सभागृह, पडद्यावर चित्रं, समोर परीक्षक. मी सांगितलं, आमच्या नर्स दर आठवड्याला घरी जाणार, प्रेशर-साखर बघणार, गोळ्यांचे डबे भरणार, गरज पडली तर म्हापशाला नाहीतर बांबोळीला इस्पितळात सोबत जाणार. कारण इस्पितळात रांगेत उभं राहायला, औषध आणायला, नाव पुकारलं की हो म्हणायला माणूस लागतं.

एका परीक्षकानं विचारलं, "ॲप कुठं आहे?"

"सर, म्हाताऱ्या माणसांना ॲप चालवता येत नाही."

"पैसे कोण देणार? मुलगा. म्हणजे ग्राहक मुलगा. ॲप त्याला द्या. त्याची काळजी हाच तुमचा बाजार."

बक्षीस दुसऱ्या कोणाला मिळालं, पण सल्ला मी घेतला. आम्ही मुलांच्या मोबाइलवर अहवाल पाठवायला लागलो. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण. मुलं खूश होती.

केरीच्या त्या घराला सतत हिरवी खूण मिळायची.

समुद्रापासून थोडं आत, माडांच्या बागेतलं घर. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या सदऱ्याला कायम इस्त्री. काकी गोऱ्या, ठेंगण्या, अबोल. एकुलता मुलगा आखातात इंजिनियर, त्याची बायको-मुलं बेंगळुरूला फ्लॅटात. शुक्रवारी आमची नर्स जायची तेव्हा दोघं सोप्यावर तयार बसलेले असत. काकींच्या केसांत अबोलीचा वळेसर. नर्स विचारी, "काकी, बऱ्या आहात?" काका म्हणत, "बरी आसा." झोप लागते? "लागता." जेवण? "जेवता." काकी हसत. चहा आतून यायचा आणि तो काका आणायचे. नर्सनं एकदा मला कौतुकानं सांगितलंही होतं, की असा नवरा आपल्या गावात दुसरा नाही. बायकोसाठी नवऱ्यानं उत्तर देणं आमच्याकडे इतकं रोजचं आहे की त्यात बघण्यासारखं काही असेल असं कोणाला वाटत नाही.

एकदा नर्स रजेवर गेली म्हणून मी स्वतः गेले, आणि तेही शुक्रवार सोडून भलत्याच दिवशी, दुपारी. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. परत फिरणार तेवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. उत्तर नाही. घराला वळसा घातला. मागच्या दाराच्या कडीला काथ्याची दोरी गुंडाळून गाठ मारलेली. शेजारच्या खिडकीच्या गजांमागे काकी उभ्या होत्या. केस सुटलेले, झंपर उलटा.

"आयलंस गो?" त्या म्हणाल्या. आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. खणखणीत होता. "इतको उशीर? सकाळपासून वाट बघतंय. ये, मागल्या दारान भितर ये."

"काकी, दार बांधलेलं आहे."

"कोण बांधतलो? दार उघडेंच आसता. तुझी आवय बरी मगो?"

"बरी आहे."

"तिका म्हणां, पावसाआदीं शेणी आणून घाल. न्हाणयेक कायच उरूंक नाय." मग त्या गजांना धरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्याच सुरात म्हणाल्या, "आयलंस गो? तुझी आवय बरी मगो?"

मी पुन्हा बरी आहे म्हटलं. त्यांनी पुन्हा शेणी आणायला सांगितल्या. त्या कोणाशी बोलत होत्या मला माहीत नाही, पण माझ्या आजीसारखीच कोणीतरी बाई असणार ती. एवढं शिकून, एवढे नियम करून, मी मागच्या दारी उभी राहून शेणी आणते म्हणून मान हलवत होते.

काका आले ते हातात पावाची पिशवी घेऊन. मला मागच्या अंगणात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी मागल्यान कित्याक आयल्यात?"

"पुढे कुलूप आहे, काका."

करगोट्याची किल्ली सोडायला त्यांना वेळ लागला. आत गेल्यावर त्यांनी आधी काकींचा झंपर सुलट केला, केस बांधले, पाव मोडून बशीत ठेवला. मी दारात उभी होते. मग ते माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"कुलूप घालीनासतना जमना. भायर सरता. मागीर धक्क्यार वता. एकदां फेरीबोटींत वचून बसली. पलतडीं तेरेखोलाक तिचें कोण नाय, सोयरो नाय, धायरो नाय. बोटवाल्यान वळखली म्हणून परत हाडली."

"कधीपासून हे?"

"दोन चवथी जाल्यो." दोन गणपती, म्हणजे दोन वर्षं.

"आमच्या मुलीला का नाही सांगितलं?"

"ती विचारी, काकी बरी? हांव सांगी, बरी. खोटें खंय? प्रेशर बरेंच आसा तिचें." ते थोडे हसले. "शुक्रवारीं सकाळीं तयारी करतां. न्हाणयतां, वळेसर माळतां. इन्स्पेक्टर येतलो म्हणून मास्तर भुरग्यांकडल्यान पाठ करून घेता, तशी. हांस म्हणून सांगतां. हांसता बापडी."

मी विचारलं, मुलाला माहीत आहे का. तेव्हा ते वळले.

"नाय. आनी तुमी सांगू नाकात. तो येतलो, घराक कुलूप मारतलो आनी आमकां घेऊन वतलो. हंय तिका न्हाणी खंय ती कळता, बांय खंय ती कळता. थंय फ्लॅटांत तिका कायच कळचें नाय. माका तरी थंय कोण वळखता?"

त्यांची भीती एवढीच होती, की दोघांना या घरातून उठवतील. मी त्यांना सांगितलं की मुलाला न सांगणं माझ्या हातात नाही. तो मला खरं सांगायचेच पैसे देतो. पण सांगताना दुसरा रस्ताही सांगेन. मग मी त्यांना एक प्रश्न विचारला. त्या स्पर्धेत सगळ्यांसमोर बोलतानाही तो मला सुचला नव्हता.

"काका, तुम्हाला काय हवंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "माका?"

"हो."

"दोन तास," ते म्हणाले. "दनपारचे. कोणेंय येवन हिच्याकडेन बसचें."

"तुम्ही कुठं जाणार?"

"तें विचारूं नाकात."

मुलाला त्याच संध्याकाळी फोन केला. त्यानं दोनदा तेच तेच विचारून घेतलं. मग चिडला.

"दर आठवड्याला तुमची नर्स जाते ना? मग हे इतके दिवस काय बघत होती?"

"प्रेशर आणि साखर. तुम्हाला तेच हवं होतं."

"मी कॅमेरे बसवतो. चारही खोल्यांत."

"बसवा. पण कॅमेरा तिच्याशी गजाली करणार नाही. आणि ती दाराबाहेर पडली तर तुम्हाला आखातात दिसेल, हात तिथून पोचणार नाही. तुमच्या बाबांना दोन तास पाहिजेत. रोज."

"बाबांना? बाबांना काय झालंय?"

"काही झालेलं नाही. त्यांना दोन तास पाहिजेत."

त्याला ते समजलं नाही, पण तो कबूल झाला. कॅमेरा शेवटी पुढच्या दारावर एकच लागला. चवथीला येऊन पुढचं ठरवू म्हणाला. तोवर घर तसंच राहील, एवढं मी त्याच्याकडून घेतलं. काकींना मी बांबोळीला डॉक्टरांकडे नेलं. हा विसराळूपणा नाही, मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी थोडा सावकाश होईल, परत फिरणार नाही, असं त्यांनी काकांना नीट समजावून सांगितलं. काकांनी मान हलवली. त्यांना ते आधीच ठाऊक होतं, डॉक्टरांनी फक्त नाव सांगितलं.

आता बसायला कोण जाणार? काकी दिवसभर स्वयंपाकघरातच असायच्या. सोप्यावर आणून बसवलं तर उठून परत आत. म्हणजे तिथंच बसावं लागणार. नर्सला विचारलं. ती म्हणाली, "ताई, नियम तुमचाच." दुसरीनं सरळ सांगितलं, "माझा बाप विचारील, शिकून रांदपाच्या कुडींत बसतंस?" त्या चुकत नव्हत्या. मग मीच गेले.

आईला कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "इतकीं वर्सां शिकलंस, आनी फिरून भाटकान्नीच्या चुलीकडेन."

"पगार घेते गो मी."

"घे, घे. आमी फुकट गेल्यांव." आणि मग, सूप हलवता हलवता, "तिका वायट बोलूं नाको हां. पिशी जाली म्हणून कितें, माणूसच न्हय?"

मी तिथं खुर्ची नेली. चुलीपाशी खुर्ची घालून बसणारी आमच्या घराण्यातली पहिली मीच असेन. काकी कधी मला शेणी आणायला सांगत, कधी माझी आई कशी आहे विचारत, कधी मी त्यांची जाऊ असे आणि मोरजीला कोणाच्या तरी लग्नाला जायचं असे. मी जाऊ होई, लग्नाला निघे. भांड्याला हात लावला नाही. लसूण सोलायला दिला तर त्यांच्या बरोबरीनं सोलला, त्या सोलत होत्या म्हणून.

आणि काका? पहिल्या दिवशी ते सदरा घालून, छत्री घेऊन बाहेर पडले. मला वाटलं देवळात जातील, नाहीतर धक्क्यावर. थोड्या वेळानं खळ्यापलीकडच्या नारळाच्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला. दाराच्या फटीतून बघितलं. सोललेल्या नारळांच्या राशीशेजारी चटई टाकून ते झोपले होते. सदरा खिळ्याला टांगलेला, छत्री उशाशी. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. काकी रात्रभर घरात फिरायच्या, दारं हलवायच्या, आणि ते त्यांच्या मागे. दोन चवथींची झोप साचली होती. लाजेपायी ते झोपायला बाहेर गेल्याचं सोंग करत होते.

महिन्याभरानं ते खरंच बाहेर जाऊ लागले. देवळाच्या कमिटीवर परत बसले. कोणाशी तरी तावातावानं भांडून यायचे, विजेच्या खांबावरून, आणि त्या दिवशी भारी खुशीत असायचे. माझ्या हाताखालच्या दोन मुलीही हळूहळू तयार झाल्या. मी त्यांना म्हटलं, स्वयंपाकघरात आपण कामाला जात नाही, माणूस जिथं आहे तिथं जातो. पेडण्यात, डिचोलीत, अशी आणखी घरं निघाली. प्रत्येक घरात कोणीतरी एक जण दुसऱ्याला झाकत होता. म्हातारीला झाकणारा म्हातारा, म्हाताऱ्याला झाकणारी म्हातारी. मुलांना दोघांचे आकडे वेगवेगळे जात आणि दोन्हीकडे हिरवी खूण. कोणी झोपेसाठी तास मागितले, कोणी केस कापायला, एका काकींनी तर देवळात बसून नुसतं रडून यायला. हे कुठल्याच स्पर्धेत सांगता आलं नसतं. कारण मुलाला विचारलं असतं तर त्यानं कॅमेरा सांगितला असता, आणि आईबापांना विचारलं असतं तर "कायच नाका" म्हणाले असते.

पावसाळा सुरू होण्याच्या सुमाराला काका एकदा नारळाच्या खोलीतून परत येताना खळ्यात थांबले. हात छातीवर. घाम. मी धावले, तर म्हणाले, "वारें आसा," पोटात गॅस झालाय म्हणे. मी ऐकलं नाही. गाडीत घालून म्हापशाला नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि स्वच्छ सांगितलं, बांबोळीला जाऊन दाखल व्हा, रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्या, लागलं तर तिथंच पुढचं करतील. लांबवू नका.

गाडीत काका एवढंच म्हणाले, "आनी हिचें कितें?"

आता सगळं यावरच अडलं होतं. त्यांना थोडे दिवस इस्पितळात राहायचं होतं, आणि तेवढे दिवस काकींना ठेवायला पेडण्यात कुठं जागा नव्हती. मी फोन केले. वृद्धाश्रमांनी विचारलं, स्वतःचं स्वतः करतात का? रात्री फिरतात? मग नाही जमणार. एकानं घेऊ म्हटलं, पण कायमचं. चार दिवसांसाठी खाट अडवून ठेवणं त्यांना परवडत नव्हतं. इस्पितळात आजाऱ्याबरोबर एक माणूस राहू देतात, पण ते आजाऱ्याची काळजी घेणारं. जिची काळजी घ्यावी लागते तिला कसं राहू देतील? आमच्या मुलींचे आईबाप दुसऱ्याच्या घरी रात्री राहायला पाठवायला तयार नव्हते, आणि त्यांनाही मी बोल लावत नाही.

शेवटी मी आणि आई गेलो. आधी एक रात्र राहून बघू, काकांनी फक्त नारळाच्या खोलीत झोपावं, जमलं तर मग इस्पितळ. जमलं नाही. दिवसा मला जाऊ मानणाऱ्या काकींना अंधार पडल्यावर मी कोणीच नव्हते. घरात चोर शिरले म्हणून त्या ओरडल्या, आईच्या हाताला चावल्या, आणि पहाटेपर्यंत दाराशी बसून नवऱ्याला हाका मारत राहिल्या. काका तेवढा वेळ बाहेर खळ्यात बसून ऐकत होते. उजाडल्यावर ते आत आले. त्यांना बघताच काकी गप्प झाल्या आणि तिथंच जमिनीवर झोपल्या.

"पळयलात?" बघितलंत ना, असं ते मला म्हणाले. राग नव्हता त्यात. "माका न्हेता जाल्यार हिकाय न्हेयात. म्हज्या कुशीक हिची खाट घालात. तशें इस्पितळ आसा खंय?"

"नाही, काका."

"मागीर चवथ जावं दी. पूत येतलो. तो हिच्याकडेन रावतलो, हांव वचून येतां."

मी मुलाला त्याच सकाळी फोन केला. लगेच या म्हटलं. तो म्हणाला रजेचं बघतो, इथं प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं शटडाऊन चालू आहे, साहेब सोडत नाही, चवथीची रजा तेवढी पक्की आहे. मी कारखान्यात रजा सांभाळलेली बाई. रजा कशी मिळत नाही हे मला माहीत होतं. पुन्हा केला, पुन्हा केला. तो दर वेळी वडिलांना फोन करायचा, आणि वडील म्हणायचे, "बरो आसां रे. ती बाय उगीच भियेता."

चवथीला थोडे दिवस असताना, दुपारी, आमची मुलगी काकींपाशी बसलेली असताना काका न्हाणीत गेले आणि बाहेर आले नाहीत. इतकंच. तिनं दार ढकललं, मला फोन केला, शेजाऱ्यांना हाक मारली. मी पोचेपर्यंत त्यांना सोप्यावर आणून ठेवलं होतं. काकी आत भाताला पाणी घालत होत्या.

मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला. सुतकामुळे त्या वर्षी त्या घरात गणपती आला नाही. तो वडिलांसारखाच उंच होता, पण खाली बघून चालायचा. एक दिवस त्यानं मला विचारलं, "कॅमेऱ्यात बाबा रोज दुपारी बाहेर पडताना दिसायचे. मला वाटायचं बरे आहेत, फिरतात. कुठं जायचे?" मी सांगितलं. तो नारळाच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बाराव्यानंतर तो काकींना बेंगळुरूला घेऊन गेला. तिथं अशा माणसांसाठी चांगलं घर आहे, त्यानं चित्रं दाखवली. स्वच्छ खोल्या, बाग, रात्रंदिवस नर्स. त्याची बायको-मुलं त्याच शहरात होती, तोही परत येणार होता. याहून बरं तो काय करू शकला असता, मला नाही माहीत. काकी गाडीत बसायला तयार नव्हत्या. शेवटी मी शेजारी बसले आणि मोपाच्या विमानतळापर्यंत मोरजीच्या लग्नाच्या गोष्टी सांगत गेले.

आता डिचोलीत आमच्या दोन खोल्या आहेत. प्रत्येकीत दोन खाटा. एक जण इस्पितळात असेल तर दुसऱ्यानं तिथं राहायचं, चार दिवस, आठ दिवस. दोघं मिळून आले तरी चालतं. रात्री बसायला दोन जाणत्या बायका आहेत, त्यांचे नवरे कुरकुरत का होईना सोडतात. धंदा म्हणून तो तोट्यात आहे, पण बंद करणार नाही. या खोल्या केरीच्या काकांच्या उपयोगाला पडायला हव्या होत्या. तेव्हा त्या नव्हत्या. एवढंच खरं आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही.

काही महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला. या वेळी त्यानं आकडे विचारले नाहीत.

"आई जेवत नाही. नर्स चमच्यानं भरवते, तर ती तोंड मिटते. मी भरवलं तरी मिटते. डॉक्टर नळी घालायचं म्हणतायत. तुम्ही तिथं बसायचात. बाबा काय करायचे?"

मी आठवून बघितलं. दुपारी मी पोचायचे तेव्हा कधीकधी त्यांची जेवणं चालू असायची.

"ते भरवत नसत," मी म्हटलं. "समोर बसायचे. एकाच ताटात भात कालवायचे, पहिला घास आपण घ्यायचे. मग त्या घ्यायच्या. घरकारानं, तुमच्या बाबांनी, खाल्ल्याशिवाय त्या खात नसत. पहिल्यापासून कधी खाल्लं नसेल."

"मला कधी दिसलं नाही हे."

"पुरुष जेवायला बसले की तुम्हीही त्यांच्याच पंगतीत असणार. तुम्हाला कसं दिसेल? तुम्ही समोर बसा. आधी तुम्ही खा."

त्यानं फोन बंद केला नाही. कुठंतरी ठेवला असावा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बशीचा. कोणीतरी हिंदीत म्हणालं, साहेब, इथं नातेवाइकांना जेवायची परवानगी नाही. तो खात होता, मला ऐकू येत होतं, सावकाश, एक घास, मग दुसरा. मधे एकदा म्हणाला, "आई, पळय, हांव खातां."

मी फोन कानाला धरून थांबले.